काम सोपवल्यानंतर कोणती फाइल जपून ठेवावी? माहितीपटाच्या मास्टर प्रतीची निवड

बेळगावच्या शहापूर आणि वडगाव या विणकरवस्त्यांवर मी काही वर्षांपूर्वी एक छोटा माहितीपट संकलित केला होता. तो एका स्थानिक संस्थेसाठी होता. काम पूर्ण झाल्यावर इंटरनेटवर चढवण्यासाठी मी एक एमपी४ फाइल तयार केली, तीच पेन ड्राइव्हवर संस्थेला दिली आणि डिस्कवर जागा हवी म्हणून बाकीचे सगळे पुसून टाकले. तीन वर्षांनी संस्थेला त्याच चित्रपटाची कन्नड निवेदनाची आवृत्ती हवी होती आणि एका सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तो दाखवायचाही होता. माझ्याकडे उरलेल्या फाइलमध्ये मराठी अक्षरे चित्रात कायमची उमटलेली होती, निवेदन आणि संगीत एकाच पट्टीत मिसळलेले होते, आणि मागाच्या अंधाऱ्या खोलीतली दृश्ये थोडी उजळताच भिंतीवर पायऱ्यांसारखे पट्टे उठत होते. आम्ही तरीही कसाबसा खेळ केला. पुढच्या रांगेत बसलेले एक वयस्कर विणकर खेळ संपल्यावर मला म्हणाले, "सर, काठातली जर कुठं दिसंना की ओ." जर खरोखरच दिसत नव्हती. लाल काठावरच्या बारीक सोनेरी धाग्यांचा एक पिवळसर फराटा झाला होता.

चढवायची फाइल पाहण्यासाठी असते आणि मास्टर फाइल पुन्हा काम करण्यासाठी असते, एवढा भेद त्या दिवशी माझ्या पक्का ध्यानात आला. त्यामुळे मास्टरचे स्वरूप निवडताना "ती दिसते कशी" हा प्रश्न पुरेसा नाही. पाच-सहा वर्षांनी हीच फाइल पुन्हा उघडून तिच्यात रंग बदलायचे, भाषा बदलायची, आकार बदलायचा आणि त्यातून नवी प्रत काढायची झाली, तर ती हे सगळे सोसेल का, हे पाहावे लागते. पुढे दिलेली पद्धत मी त्याच संस्थेच्या दुसऱ्या माहितीपटासाठी वापरली. तो ४२ मिनिटांचा आहे, ३८४० × २१६० आकाराचा आहे आणि सेकंदाला २५ फ्रेमचा आहे.

आधी समजून घ्यावे: चढवायच्या फाइलमध्ये काय टाकून दिलेले असते

चढवण्यासाठीची नेहमीची एमपी४ फाइल एच.२६४ पद्धतीने, ८ बिट आणि ४:२:० अशी बनते. यात तीन ठिकाणी माहिती टाकून दिली जाते आणि तिन्ही ठिकाणचे नुकसान वेगवेगळ्या रीतीने दिसते.

पहिले नुकसान छटांचे असते. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात, तर १० बिटमध्ये १०२४. उजेडात चित्रित केलेल्या, भरपूर तपशील असलेल्या दृश्यात हा फरक डोळ्यांना कळतही नाही. मात्र मागाच्या खोलीत एकाच खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर हळूहळू विरत जातो, आणि त्या विरण्याला ८ बिटमध्ये मोजक्याच पायऱ्या वाट्याला येतात. अंधाराचा भाग उजळला की त्या पायऱ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि पट्टे दिसू लागतात. हे तपासायचे असेल तर संकलनाच्या सॉफ्टवेअरमधला वेव्हफॉर्म आलेख उघडावा आणि सावल्या उजळून पाहाव्यात. सलग धुरासारखा दिसणारा आलेख कंगव्याच्या दातांसारखा तुटू लागला, तर त्या फाइलमध्ये मधल्या छटा उरलेल्या नाहीत असे समजावे.

दुसरे नुकसान रंगाच्या बारकाव्याचे असते. ४:२:० मध्ये चार पिक्सेलांच्या चौकोनासाठी रंगाची एकच नोंद ठेवली जाते. उजेडाची नोंद मात्र प्रत्येक पिक्सेलची असते, म्हणून सर्वसाधारण दृश्य ठीकठाक दिसते. लाल पोतावरचा एक-दोन पिक्सेल जाडीचा सोनेरी धागा हा या सवलतीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण तिथे धागा आणि पोत यांच्यातला भेद मुख्यतः रंगाचाच असतो. ४:२:२ मध्ये आडव्या दोन पिक्सेलांना रंगाची एक नोंद मिळते आणि उभ्या दिशेने काहीच टाकले जात नाही. कापडासारख्या विषयात हा फरक स्पष्ट दिसतो.

तिसरे नुकसान काळाच्या दिशेने होते. एच.२६४ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. एक पूर्ण फ्रेम ठेवली जाते आणि तिच्यानंतरच्या बहुतेक फ्रेमी "आधीच्यापेक्षा काय बदलले" एवढ्याच स्वरूपात राहतात. पाहण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. पण साठवणीत फाइलचे काही बाइट बिघडले तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र फाटत राहते, आणि पुन्हा एच.२६४ मध्ये बदलताना आधीच्या दाबणीचे, म्हणजे फाइल लहान करण्याच्या क्रियेचे, चौकोन दुसऱ्या दाबणीत आणखी ठळक होतात. इंटरनेटवरचे मंच तुम्ही चढवलेली फाइल स्वतःही पुन्हा दाबतात. त्यामुळे "चढवलेले आहेच, लागले तर तिथून उतरवून घेऊ" हा विचार सोडून द्यावा. तिथून परत मिळते ती दुसऱ्यांदा दाबलेली प्रत असते.

पायरी १: पुढे काय काय मागितले जाईल याची यादी करावी

चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे कोडेकचे, नाव निवडण्याआधी अर्धा तास या यादीला द्यावा. सीमाभागात काम करणाऱ्याला ही यादी करणे अवघड जात नाही, कारण इथे एका भाषेत पूर्ण झालेले काम त्या एका भाषेत क्वचितच राहते. बेळगावात मराठीत केलेला माहितीपट चिकोडी किंवा बैलहोंगलच्या शाळेत दाखवायचा झाला की कन्नड लागते, आणि महोत्सवाला पाठवायचा झाला की इंग्रजी उपशीर्षके लागतात. दुसऱ्या माहितीपटासाठी आमची यादी अशी होती: कन्नड निवेदन, कन्नड व इंग्रजी उपशीर्षके, सभागृहातले प्रक्षेपण, दहा मिनिटांची शालेय आवृत्ती, आणि एखाद्या संगीताबद्दल हक्काची हरकत आली तर फक्त संगीत बदलून नवी प्रत.

या यादीतून मास्टरचे रूप आपोआप ठरत जाते. भाषा बदलायची आहे म्हणून चित्रावर एकही अक्षर उमटलेले नको. निवेदन आणि संगीत बदलायचे आहे म्हणून आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या हव्यात. सभागृहात दाखवायचा आहे म्हणून चित्रित केलेला मूळ आकारच हवा, इंटरनेटसाठी लहान केलेला आकार चालणार नाही. शालेय आवृत्ती कापायची आहे म्हणून प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असलेली पद्धत हवी.

पायरी २: कोडेक निवडावा

व्यवहारात आपल्यासमोर तीन पर्याय असतात, आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो. संकलित करून सोपवलेल्या चित्रपटासाठी प्रोरेझ ४२२ एचक्यू हा पहिला पर्याय समजावा. तो तुमच्या संगणकावर तयार करता येत नसेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स घ्यावा. एफएफव्ही१ हा पर्याय मुख्यतः जुन्या टेपांच्या अंकीय प्रतींसाठी राखून ठेवावा.

प्रोरेझ हे ॲपलने २००७ साली आणलेले कोडेक आहे. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबली जाते आणि ४२२ एचक्यू या प्रकारात १० बिट व ४:२:२ मिळते. काही माहिती त्यातही टाकली जाते, हे विसरू नये. पण ती इतकी कमी असते की त्यातून पुन्हा-पुन्हा प्रत काढली तरी चित्र फारसे ढासळत नाही. त्याची रचना जाहीर दस्तऐवजात मांडलेली आहे आणि संकलनाची जवळपास सर्व सॉफ्टवेअर ते वाचतात, म्हणून दहा वर्षांनी ते उघडणार नाही ही भीती तूर्तास बाळगण्याचे कारण नाही.

डीएनएक्सएचआर हे ॲव्हिड कंपनीचे कोडेक आहे आणि विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी ते सोयीचे पडते. इथे एक खड्डा आहे, ज्यात माझ्या ओळखीचे अनेक जण पडले आहेत. यादीत `DNxHR HQ` आणि `DNxHR HQX` अशी दोन नावे शेजारी-शेजारी दिसतात आणि "एचक्यू" म्हणजे उच्च दर्जा असे समजून पहिले निवडले जाते. ते ८ बिटचे आहे. मास्टरसाठी शेवटी एक्स असलेलेच घ्यावे. दोघांच्या फाइलचा आकार जवळपास सारखाच येतो, त्यामुळे चूक आकारावरून लक्षात येत नाही.

एफएफव्ही१ मध्ये काहीच टाकले जात नाही. फाइल उलगडली की मूळ पिक्सेल जसेच्या तसे परत मिळतात, आणि प्रत्येक फ्रेमच्या तुकड्यागणिक तपासणी-अंक साठवता येतो. हे खुले मानक आहे, २०२१ साली ते आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि अभिलेखागारे ते वापरतात. मग संकलित चित्रपटासाठी मी ते पहिल्या क्रमांकावर का ठेवत नाही? पहिले कारण आकाराचे आहे. आमच्या ४२ मिनिटांच्या चित्रपटाचे न दाबलेले १० बिट चित्र सुमारे १.३ टेराबाइट भरते, आणि काहीही न गमावता दाबले तरी त्याचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग उरतो. दृश्यात जितका दाणेदारपणा जास्त, तितकी फाइल मोठी. दुसरे कारण रोजच्या कामाचे आहे. अनेक संकलन सॉफ्टवेअर ही फाइल थेट उघडत नाहीत, त्यामुळे वापरण्याआधी ती बदलून घ्यावी लागते. आणि आधीच प्रोरेझ झालेली फाइल एफएफव्ही१ मध्ये बदलल्याने दर्जा तसूभरही वाढत नाही, फक्त वजन वाढते.

प्रोरेझ ४४४४ हा प्रकारही यादीत दिसतो. पारदर्शक थर असलेली शीर्षके किंवा पूर्णतः संगणकावर बनवलेले ॲनिमेशन जपायचे असेल तेव्हाच तो घ्यावा.

साधे प्रोरेझ ४२२, म्हणजे एचक्यू नसलेले, केव्हा पुरेसे आहे, याचे उत्तर कॅमेऱ्यात आहे. सगळे चित्रण ८ बिट ४:२:० कॅमेऱ्यावर झाले असेल आणि रंगसंस्कार हलका असेल, तर साधे ४२२ चालते आणि जागेचा एक तृतीयांश वाचतो. पण अशा चित्रणासाठीही मास्टर ८ बिटचा करू नये. रंगसंस्कार करताना सॉफ्टवेअर जास्त अचूकतेने हिशेब करते, आणि त्या हिशेबातून निघालेल्या मधल्या छटा १० बिट मास्टरमध्ये टिकतात. कॅमेऱ्याने जे टिपलेच नव्हते ते मात्र कोणतेही कोडेक परत आणत नाही.

पायरी ३: जागेचा हिशेब आधी करावा

कोडेकचा दर सेकंदाला किती मेगाबिट हे माहीत असले की आकार काढणे सोपे असते. दराला सेकंदांनी गुणावे आणि ८ ने भागावे, म्हणजे मेगाबाइट मिळतात. आमचा चित्रपट ४२ मिनिटांचा, म्हणजे २५२० सेकंदांचा. या आकाराला आणि २५ फ्रेमला प्रोरेझ ४२२ एचक्यूचा दर ७३७ मेगाबिट आहे:

```
737 × 2520 ÷ 8 = 232155 MB  (सुमारे 232 GB)
```

साधे ४२२ घेतले असते तर दर ४९२ मेगाबिट, म्हणजे सुमारे १५५ गिगाबाइट. चित्रपट १९२० × १०८० चा असता तर एचक्यूचा दर १८४ मेगाबिट झाला असता आणि फाइल अवघी ५८ गिगाबाइटची बनली असती. तुलनेसाठी सांगतो, आम्ही चढवलेली एच.२६४ फाइल ४५ मेगाबिट दराने केली होती आणि ती १४ गिगाबाइटची झाली. मास्टर तिच्या सोळापटीहून मोठा आहे, आणि हा आकडा पाहून अनेक जण हात आखडता घेतात. मीही पहिल्या वेळी तेच केले होते. परंतु त्या चित्रपटासाठी चित्रित केलेला सगळा कच्चा माल, संकलनापुरत्या केलेल्या लहान प्रॉक्सी प्रती आणि सॉफ्टवेअरने तात्पुरत्या साठवलेल्या कॅश फाइली मिळून डिस्कवर किती जागा खातात हे एकदा मोजून पाहावे. प्रॉक्सी आणि कॅश काम संपल्यावर निःशंकपणे पुसता येतात, कारण त्या पुन्हा तयार होतात. आमच्या बाबतीत तेवढ्यानेच मास्टरला पुरेशी जागा मोकळी झाली.

पायरी ४: मास्टर बाहेर काढताना

मी डाविंची रिझॉल्व्हमध्ये काम करतो, म्हणून तिथली नावे देतो. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे बदलतील, पण जागा त्याच आहेत. डिलिव्हर पानावर `Format` मध्ये `QuickTime`, `Codec` मध्ये `Apple ProRes` आणि `Type` मध्ये `Apple ProRes 422 HQ` निवडावे. आकार आणि फ्रेमदर टाइमलाइनचाच ठेवावा. आवाजासाठी `Linear PCM`, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट घ्यावे. दाबलेला एएसी आवाज मास्टरमध्ये ठेवू नये, कारण २४ बिटचा स्टीरिओ आवाज ४२ मिनिटांना पाऊण गिगाबाइटसुद्धा भरत नाही आणि २३२ गिगाबाइटच्या फाइलमध्ये तेवढी बचत करण्यात अर्थ नाही.

त्याच पानावरच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रॉक्सी आणि कॅश वापरण्याचे पर्याय असतात. `Use proxy media` आणि `Use render cached images` हे दोन्ही बंद आहेत याची डोळ्यांनी खात्री करावी. संकलन करताना संगणक अडखळू नये म्हणून आपण लहान प्रॉक्सी वापरतो, आणि हा पर्याय चालू राहिला तर बाहेर पडणाऱ्या फाइलवर प्रोरेझ एचक्यू असे लेबल असते, आकारही २३२ गिगाबाइट असतो, पण आत लहान प्रॉक्सीचेच ताणलेले चित्र असते. ही चूक आकड्यांवरून कधीच पकडता येत नाही. म्हणून मी प्रत्येक मास्टरमध्ये सर्वांत बारीक तपशिलाचे एक दृश्य आधीच ठरवून ठेवतो. या चित्रपटात ते ताण्याच्या धाग्यांचे जवळून घेतलेले दृश्य आहे, ज्यात फणीतून जाणारा प्रत्येक धागा सुटा दिसतो. मास्टर तयार झाला की ते दृश्य २०० टक्के मोठे करून मूळ कॅमेरा फाइलशेजारी ठेवतो. धागे दोन्हीकडे सारखेच सुटे दिसले तर प्रॉक्सी शिरलेली नाही.

अक्षरांचे काय करायचे? आम्ही दोन फाइली काढल्या. एक पूर्ण मास्टर, ज्यात सुरुवातीची आणि शेवटची नामावली तसेच बोलणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या आहेत, म्हणजेच संस्थेने मंजूर केलेले रूप. दुसरा अक्षरविरहित मास्टर, ज्यात यातले काहीच नाही. जागा फारच कमी असेल तर अक्षरविरहित मास्टर पूर्ण लांबीचा न काढता फक्त अक्षरे येणाऱ्या दृश्यांचा काढून एका फाइलमध्ये सलग जोडावा आणि प्रत्येक दृश्याचा टाइमकोड लिहून ठेवावा. उपशीर्षके दोन्हींत नकोत. `Export Subtitle` मध्ये `As a separate file` निवडून ती एसआरटी फाइल म्हणून वेगळी काढावी. मग ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून मराठी आणि कन्नड अक्षरे नीट दिसतात ना, हे पाहावे. चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवावी. त्या घडीला पाच मिनिटांत दुरुस्त होणारी ही गोष्ट पाच वर्षांनी अख्खे भाषांतर पुन्हा करायला लावते.

आवाजाच्या तीन वेगळ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या वेव्ह फाइली म्हणून काढाव्यात: निवेदन व मुलाखती, संगीत, आणि मागाचा खटखट आवाज व परिसराचे ध्वनी. तिन्ही एकाच क्षणी सुरू व्हाव्यात आणि एकत्र वाजवल्यावर मूळ मिश्रण तंतोतंत मिळावे. निवेदन आणि मुलाखती यांनाही आणखी वेगळे करता आले तर उत्तम, कारण कन्नड आवृत्तीत निवेदन बदलते, विणकरांचे मूळ मराठी बोलणे मात्र तसेच राहून त्यावर फक्त उपशीर्षके येतात. इंटरनेटसाठी आवाज दाबून मोठा केलेला असेल तर ते मिश्रण मास्टरमध्ये घेऊ नये. सभागृहात ते कर्कश वाटते आणि एकदा दाबलेला चढ-उतार परत मोकळा होत नाही.

पायरी ५: तयार फाइल तपासावी

मास्टर एकदा पूर्ण, न थांबवता पाहावा. याला पर्याय नाही. ४२ मिनिटांच्या चित्रपटाला ४२ मिनिटे लागतात, आणि मी आजवर पकडलेल्या चुकांपैकी बहुतेक याच ४२ मिनिटांत सापडल्या आहेत: एखादी काळी फ्रेम, एखाद्या दृश्यावर लागलाच नाही असा रंगसंस्कार, शेवटच्या नामावलीवर मध्येच तुटलेले संगीत.

त्यानंतर मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून चार गोष्टी पाहाव्यात. `Format profile` समोर `422 HQ` असावे, `Chroma subsampling` समोर `4:2:2`, `Frame rate` समोर `25.000`, आणि `Color primaries` समोर `BT.709`. शेवटची ओळ गायब असेल तर फाइल वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या छटेत दिसू शकते. मॅकवर फिकट आणि विंडोजवर गडद अशी तक्रार येते तिचे मूळ बऱ्याचदा या रंगखुणांमध्ये असते. संपूर्ण चित्र धुतल्यासारखे फिकट किंवा सावल्या ठार काळ्या दिसत असतील तर प्रगत सेटिंगमधली `Data Levels` ची निवड चुकली आहे का ते पाहून फाइल पुन्हा काढावी. फाइल तशीच ठेवून "पुढे दुरुस्त करू" असे म्हणू नये, कारण पुढे ती उघडणाऱ्याला हे रूप जाणूनबुजून दिलेले होते की चुकीने आले, हे कळणार नाही.

पायरी ६: छाप घ्यावी आणि दोन ठिकाणी ठेवावी

तपासून झालेल्या फाइलची अंकीय छाप लगेच, दुसऱ्या डिस्कवर नक्कल करण्याआधी घ्यावी. विंडोजवर कमांडच्या खिडकीत:

```
certutil -hashfile VM2_MASTER_UHD25_textless_v1.mov SHA256
```

मॅकवर:

```
shasum -a 256 VM2_MASTER_UHD25_textless_v1.mov
```

पडद्यावर येणारी लांबलचक ओळ एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवावी. नक्कल केल्यावर दुसऱ्या डिस्कवरच्या फाइलची हीच छाप काढावी. एक बिट जरी बदलला तरी ओळ पूर्णपणे वेगळी येते. ही तपासणी मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि वीजही वरचेवर ये-जा करते. त्या काळात २३२ गिगाबाइटची नक्कल यूपीएसशिवाय सुरू करू नये. अर्धवट तुटलेली नक्कल कधीकधी योग्य नावानिशी डिस्कवर बसून राहते, आणि छाप जुळवल्याशिवाय ती ओळखता येत नाही. दोन डिस्कांपैकी एक माझ्याकडे टिळकवाडीत आहे आणि दुसरी खानापूरला नातेवाइकांच्या कपाटात. एकाच टेबलावरच्या दोन डिस्कांना मी दोन प्रती समजत नाही.

डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसत नाही. म्हणून ती आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावी. फाइलची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नावे वेगवेगळ्या संगणकप्रणालींमध्ये नेताना कधीकधी बिघडतात, आणि छापेच्या यादीतल्या नावाशी मग ती जुळत नाहीत.

जुन्या टेपांसाठी वेगळा मार्ग

या भागातल्या घरांमध्ये लग्नांच्या, नाटकांच्या आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या व्हीएचएस टेप अजून आहेत. त्यांची अंकीय प्रत घेताना मात्र मी एफएफव्ही१ वापरतो, कारण टेप पुन्हा चालेल याची खात्री नसते आणि चित्राचा आकार लहान असल्याने काहीही न गमावता जपणे परवडते. पकडलेली न दाबलेली फाइल अशी बदलता येते:

```
ffmpeg -i tape.mov -map 0:v -map 0:a -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 16 -slicecrc 1 -c:a copy tape.mkv
```

मूळ आणि नव्या फाइलचे पिक्सेल एकच आहेत का हे पुढील आज्ञा दोन्ही फाइलींवर चालवून पडताळावे. दोन्हीकडे एकच ओळ यायला हवी:

```
ffmpeg -i tape.mkv -map 0:v -f md5 -
```

टेपेवरचे चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे, म्हणजे एकाआड एक ओळींचे असते. संगणकावर त्यात हलत्या वस्तूंच्या कडांना दाते दिसतात म्हणून अनेक जण मास्टरमध्येच ते गुळगुळीत करून टाकतात. तसे करू नये. गुळगुळीत करण्याच्या पद्धती सुधारत जातात, आणि त्या वापरायला मूळ ओळी शिल्लक असाव्या लागतात. दाते फक्त चढवायच्या प्रतीतून काढावेत. मिनीडीव्ही टेप असेल तर ती फायरवायरने जशीच्या तशी उतरवून डीव्ही स्वरूपातच ठेवावी. टेपेवर जे लिहिलेले आहे ते तिथे आधीच अंकीय आहे.

संकलनाचा प्रकल्प हा मास्टर नव्हे

प्रकल्पाची फाइल आणि कच्चे चित्रणही मी ठेवतो, पण मास्टरच्या बदल्यात नाही. प्रकल्प उघडण्यासाठी तीच किंवा नवी आवृत्ती, तेच प्लगइन आणि तेच देवनागरी फॉन्ट लागतात. माझ्याच एका जुन्या प्रकल्पात शीर्षकाचा फॉन्ट गायब झाल्यावर जोडाक्षरे सुटी पडली होती आणि दोन ओळींचे शीर्षक तीन ओळींचे झाले होते. मास्टरमध्ये असे काही सरकत नाही.

दुसऱ्या माहितीपटाच्या फोल्डरमध्ये आज पूर्ण मास्टर, अक्षरविरहित मास्टर, तीन वेव्ह पट्ट्या, तीन भाषांच्या एसआरटी फाइली, छापांची यादी आणि अर्ध्या पानाची माहिती आहे. त्या अर्ध्या पानावर कोडेक, आकार, फ्रेमदर, संगीताच्या हक्कांची नोंद आणि कोणती फाइल कशासाठी आहे एवढेच लिहिले आहे. चढवलेल्या एमपी४ वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, कारण त्या केव्हाही नव्याने काढता येतात. गेल्या हिवाळ्यात संस्थेने याची कन्नड आवृत्ती मागितली. निवेदन-मुलाखतींच्या पट्टीतले निवेदनाचे भाग बंद केले, नवे निवेदन त्या जागी बसवले, अक्षरविरहित चित्रावर कन्नड नावे घातली आणि मागाच्या खोलीतली दृश्ये प्रक्षेपकासाठी थोडी उजळली. दीड दिवसात काम झाले. भिंतीवर पट्टे उठले नाहीत, आणि काठातला जरीचा धागा पडद्यावर सुटा दिसत होता.